आधी अल्बम, मग तारे

लग्नाचा अल्बम घरी आला तेव्हा बाकीच्यांनी त्यातले फोटो पाहिले आणि मावशीनं आधी त्याची पाठ पाहिली.

त्यात तिचा दोष नव्हता. एकतीस वर्षं ती छापखान्याच्या बाइंडिंग विभागात होती. पुस्तक हातात आलं की आतला मजकूर वाचायच्या आधी तिचा अंगठा आपोआप पाठीवर जायचा. पाठ दाबायची, पानं फडफडवायची, पुठ्ठ्याची कड नखानं तपासायची. घरातली मुलं यावरून तिची टिंगल करायची. मावशीला नवरा दाखवायला आणला तर ती त्यालासुद्धा उलटा धरून शिवण बघेल, असं तिची भाची चिऊ म्हणायची. चिऊचंच लग्न झालं होतं, आणि हा अल्बम तिचाच होता.

रविवारची सकाळ होती. चिऊ आणि जावई अल्बम घेऊन खास मावशीकडे आले होते, कारण मावशीच्या यजमानांना, म्हणजे काकांना, जिना उतरणं जमत नव्हतं. दीड वर्षापूर्वी काकांना अर्धांगाचा झटका आला होता. हातपाय बऱ्यापैकी सावरले, पण चेहऱ्याची डावी बाजू खाली ओढली गेली ती तशीच राहिली, आणि बोलणं संथ झालं. एकेक शब्द ते जणू तपासून बाहेर सोडायचे. अर्थात ही सवय त्यांना आधीपासूनच होती. ते त्याच छापखान्यात प्रूफं वाचायचे. मावशीची आणि त्यांची ओळख तिथलीच.

चिऊची आई, म्हणजे मावशीची ताई, आधीच येऊन बसली होती. सगळे टेबलाभोवती जमले.

"काय रंग आलेत गं!" ताई म्हणाली. "तुझ्या ओढणीचा रंग अगदी होता तसाच आलाय."

रंग खरोखर सुरेख होते. कुणाचा चेहरा पिवळा नाही, कुणी पिठात बुडवल्यासारखं पांढरं नाही. मावशीनंही मान डोलावली. पण तिचा अंगठा पाठीवर होता, आणि पाठीतून कुरकुर असा बारीक आवाज आला होता. सरस तडकल्याचा आवाज तिला झोपेतही ओळखू आला असता.

पानं उलटत चिऊ मधल्या जोडपानावर आली. इथं घरच्यांचा मोठा फोटो होता. बावीस माणसं, दोन रांगा, आणि चिऊच्या शेजारी, ऐन मध्यावर, काका.

पण तिथं काका दिसेनात. दोन पानांच्या मधल्या खाचेत त्यांचा एक कान आणि एक डोळा तेवढा वर राहिला होता. बाकीचा चेहरा खाचेनं गिळला होता. चिऊनं दोन्ही पानं तळव्यांनी दाबून धरली, तरी तो वर येईना.

काकांनी वाकून पाहिलं. "माझा वाकडा भाग... गेला," ते म्हणाले. "फायदाच... झाला."

त्यांनी विनोद केला होता, पण कुणालाच हसू आलं नाही. ताईनं पदराशी चाळा सुरू केला. चिऊचे डोळे भरून आले.

मावशीनं अल्बम स्वतःकडे ओढला. खाचेत नख घालून वरून खालपर्यंत फिरवलं. नखाला दोन कडा लागल्या.

"हे एक पान नाहीये," ती म्हणाली. "दोन सुटी पानं आहेत, पाठीला सरसानं चिकटवलेली. चिऊ, तुमचा करार कुठंय?"

जावयानं फोनवर करार काढला. चष्मा चढवून मावशीनं एकेक ओळ वाचली. अल्बमच्या रकान्यात स्पष्ट लिहिलं होतं: पूर्ण सपाट उघडणारा अल्बम, प्रत्येक जोडपान एकाच अखंड कागदावर. तसा अल्बम कसा करतात हे तिला पाठ होतं. मोठा फोटो एका सलग कागदावर छापतात, मधोमध घडी घालतात, आणि अशी जोडपानं एकमेकांच्या पाठीला पाठ लावून चिकटवतात. उघडलं की टेबलासारखं सपाट. खाच नाही, त्यामुळे खाचेत काही जात नाही. समोर होतं ते साध्या वहीचं काम, वर झकास पुठ्ठा चढवलेलं.

"त्यानं वेगळाच अल्बम दिलाय तुम्हाला," ती म्हणाली.

"जाऊ दे ना," ताई लगेच म्हणाली. "फोटो छान आलेत. उगाच कशाला वाकड्यात शिरायचं?"

तेवढ्यात जावयाचा फोन टिणटिणला. फोटोग्राफरचाच निरोप होता. जावयानं तो मोठ्यानं वाचला. "अल्बम मिळाला असेलच. वेबसाइटवर आमचं काम कसं वाटलं ते लिहा. चारही रकान्यांत पाच तारे टाकले, की मूळ फोटोंची लिंक पाठवतो."

लग्नाची कामं करणाऱ्यांची ती वेबसाइट चिऊनंच शोधून काढली होती. तिथं प्रत्येक फोटोग्राफरला चार गोष्टींवर तारे मिळायचे: अल्बमचा दर्जा, वेळेवर येणं, एडिटिंगला लागलेला वेळ, आणि पाहुण्यांशी वागणूक. या फोटोग्राफरचे सगळीकडे पाचाच्या जवळपास. तेच बघून त्याला बोलावलं होतं.

"लिंक अल्बमसोबतच द्यायची, असं करारात आहे," जावई कपाळाला आठ्या घालत म्हणाला. "आता अडवून धरतोय होय! सगळीकडे एकेक तारा टाकतो. एडिटिंगला तर शून्य द्यायला हवा. लग्नाला साडेतीन महिने होत आले!"

"थांबा," मावशी म्हणाली. "साडेतीन महिने कुणाचे गेले ते आधी बघू."

तिनं वहीचं कोरं पान घेतलं. करार म्हणत होता, लग्नानंतर तीस दिवसांत निवडीसाठी सगळे फोटो दाखवायचे, आणि निवड कळवल्यापासून बेचाळीस दिवसांत अल्बम. फोटो आले चोविसाव्या दिवशी. अल्बम आला निवडीनंतर चाळिसाव्या दिवशी. मग मधले पाच आठवडे?

कुणी कुणाकडे बघेना. ते पाच आठवडे दोन हजार फोटोंमधून दीडशे निवडण्यात गेले होते. ताईला तिच्या प्रत्येक भावजयीचा एक तरी फोटो हवा होता. जावयाला स्वतःची मान तिरकी असलेला एकही नको होता. चिऊनं चार वेळा यादी केली आणि तीन वेळा फाडली.

"म्हणजे हे दिवस आपण खाल्लेत," मावशी म्हणाली. "एडिटिंगला पाच. आणि वेळेवर येणं?"

"वीस मिनिटं आधी आला होता," चिऊनं कबूल केलं. "मला तयार करायला येणारी बाईसुद्धा त्याच्यानंतर आली."

"पाच. ज्याचं आहे ते त्याला द्यायचं. नाही तर जे नाही म्हणू, ते कुणाला खरं वाटणार नाही."

"आणि वागणूक?" जावयानं विचारलं.

आता मात्र सगळे काकांकडे बघायचं टाळत राहिले. त्या दिवशी मोठा फोटो काढताना फोटोग्राफरनं चुटकी वाजवून काकांना हाक मारली होती. "ते काका, तोंड सरळ करा जरा. फोटो बिघडतोय." काका रांगेतून बाहेर पडून खुर्चीकडे निघाले होते. चिऊ स्टेजवरून खाली उतरली, त्यांचा हात धरून त्यांना परत वर घेऊन आली आणि आपल्या शेजारी, अगदी मधोमध, उभं केलं. हॉलमधल्या सगळ्यांनी ते पाहिलं होतं. घरात त्यावर कुणी शब्द काढला नव्हता.

"एक तारा," मावशी म्हणाली. "एकाहून कमी टाकता येत असेल तर तो."

काकांनी टेबलावर बोट आपटलं. "दोन."

"अहो, दोन कशाला?"

"ताईंना... खुर्ची आणून दिली. स्वतः. पोरांना... हसवत होता. दोन."

मावशीनं वहीत दोनच लिहिलं.

जेवणं आटोपल्यावर तिनं मजकूर लिहायला घेतला. मनातली सगळी वाफ कागदावर उतरली. 'निर्लज्ज', 'फसवणूक', 'शुद्ध भामटेगिरी', 'आम्हाला वेड्यात काढलं'. दीड पान भरलं. काकांनी ते पुढ्यात घेतलं, खिशातून लाल पेन काढलं, आणि उजव्या हातानं, सावकाश, एकेक शब्द खोडायला सुरुवात केली. इतक्या महिन्यांत त्यांच्या हातात लाल पेन कुणी पाहिलं नव्हतं. मावशी भांडायच्या तयारीत होती, तिनं कागद त्यांच्याकडे जरा सरकवला.

"विशेषणं... नकोत," ते म्हणाले. "माप लिही."

मग तिनं कपाटातून जुनी पोलादी पट्टी काढली. करारात पानाची रुंदी तीनशे मिलिमीटर होती. पट्टी बाहेरच्या कडेला टेकवून खाचेपर्यंत मोजलं, तर पान दोनशे ब्याण्णवपर्यंतच दिसत होतं. दोन्ही बाजूंचे मिळून सोळा मिलिमीटर पोटात गेलेले. आणि बावीस माणसांच्या फोटोत काकांचा चेहरा होता सगळा मिळून पंचवीसचा. चिऊनं पट्टीसकट फोटो काढला. फोटोग्राफरनं मंजुरीसाठी पाठवलेला नमुना फोनमध्ये होताच. त्यात काकांचा चेहरा पुरता दिसत होता.

शेवटी मजकूर उरला तो सात ओळींचा. "वेळेवर येणं पाच, ते वीस मिनिटं आधी हजर होते. एडिटिंग पाच, मुदतीच्या दोन दिवस आधी काम मिळालं, रंग उत्तम. अल्बमचा दर्जा एक. करारात सपाट उघडणारा अखंड जोडपानांचा अल्बम होता, मिळाला तो सुट्या पानांचा, सरसानं चिकटवलेला. मधल्या खाचेत सोळा मिलिमीटर फोटो जातो. पाठ पहिल्याच दिवशी तडकली. वागणूक दोन. वयस्क पाहुण्याच्या आजारानं बदललेल्या चेहऱ्याबद्दल सगळ्यांसमोर बोलले. एका आजींना स्वतः खुर्ची आणून दिली."

"आजी?" ताई फणकारली. "मी आजी?"

"जावई आलाय आता तुला," मावशी म्हणाली. "फार दिवस नाहीत."

पण मजकूर टाकायचा तर चिऊच्या नावानं. ठरवाठरवी तिनं केली होती, खातं तिचं होतं. चिऊ फोन हातात धरून बसली. "लिंक दिलीच नाही त्यानं तर?" ती म्हणाली. "सगळे मूळ फोटो त्याच्याकडेच आहेत, मावशी. ते गेले तर माझं लग्न पुन्हा होणार नाही."

मावशी तिच्याजवळ सरकली. "त्याची खात्री मी कुठून देऊ? तुझं लग्न, तुझे फोटो. तू म्हणशील तसं."

चिऊनं अल्बम पुन्हा मध्यावर उघडला. एक कान, एक डोळा. मग तिनं फोनवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "गेलं."

दुसऱ्या दिवशी फोटोग्राफरचा फोन आला. आधी गोड, मग तिखट. चिऊनं फोन मावशीच्या हातात दिला.

"मावशी, अहो तुम्ही माझ्या पोटावर पाय देताय! सपाट अल्बम न् साधा अल्बम, बघणाऱ्याला फरक कळतो का?"

"मला कळला," मावशी म्हणाली.

"शंभर लोकांत एकाला कळत असेल!"

"तो एक तुमच्या नशिबी आला. करारातला अल्बम द्या, आम्ही तारे बदलू. आधी अल्बम, मग तारे."

"मी तक्रार करतो वेबसाइटकडे. खोटं लिहिलंय म्हणून."

त्यानं खरंच केली. संध्याकाळपर्यंत चिऊचा मजकूर वेबसाइटवर दिसेनासा झाला. वेबसाइटवाल्यांचं पत्र आलं: हरकत आली आहे, पडताळणी होईपर्यंत मजकूर झाकून ठेवत आहोत, सात दिवसांत पुरावे पाठवावेत. जावई संतापला, ताई म्हणाली, "मी सांगितलं होतं." मावशीला मात्र त्या रात्री शांत झोप लागली. प्रूफ वाचणारा नवरा आणि पोलादी पट्टी घरात असताना पुराव्यांची भीती तिनं का बाळगावी?

करार, मंजूर नमुना, पट्टीसकट फोटो, आणि फोटोग्राफरचा तो निरोप, असं सगळं गेलं. चौथ्या दिवशी पडताळणी करणाऱ्या बाईचा फोन आला. आवाज तरुण, पण कामाचा.

"अल्बम सध्या तुमच्यासमोर आहे का?"

"आहे."

"व्हिडिओवर मधलं पान उघडून दाखवाल? वर हात न ठेवता."

चिऊनं फोन धरला. मावशीनं मधलं पान उघडलं आणि हात बाजूला घेतले. पानं फुगली, वर आली, आणि एक पान आपणहून मिटून पडलं.

"पुरे," बाई म्हणाली. तिनं काहीतरी टंकलं. "आणि लिंकबद्दलचा निरोप त्यांच्याच नंबरवरून आलाय ना? तुम्ही पाठवलेल्या फोटोत नंबर मला दिसतोय. आमच्याकडे ताऱ्यांच्या बदल्यात काही देणं किंवा अडवून धरणं चालत नाही. मी तुम्हाला कळवते."

फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "एक विचारू? अल्बमला एक तारा देणारे लोक बाकी सगळ्यालाही एकच देतात. तुम्ही दोन रकान्यांत पाच दिलेत."

"तिथं तो पाचाचाच आहे," मावशी म्हणाली.

"म्हणूनच वाचताना खरं वाटलं," बाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मजकूर जिथल्या तिथं परत आला, शब्दाला शब्द. त्याखाली वेबसाइटनं छोटी ओळ जोडली होती: 'पडताळणी झालेला अभिप्राय.' फोटोग्राफरला ताकीद गेली, आणि दुपारी मूळ फोटोंची लिंक मुकाट्यानं चिऊच्या फोनवर हजर झाली. चिऊनं ऑफिसातूनच मावशीला फोन लावला आणि नुसती किंचाळली. मावशीनं फोन कानापासून लांब धरला, काकांनाही ते किंचाळणं ऐकू आलं, आणि त्यांचा चेहरा उजव्या बाजूनं इतका हसला की डाव्या बाजूलाही थोडं यावंच लागलं.

तीन दिवसांनी दाराची बेल वाजली. फोटोग्राफर होता, सोबत एक चष्मेवाली बाई. ती त्याची भागीदार, एडिटिंगचं सगळं काम तिचं. मावशीनं दोघांना आत बसवलं. तो बुटांकडे बघत होता. बाईच बोलली.

"मावशी, फोटोंची मांडणी मी सपाट अल्बमच्या हिशेबानंच केली होती. खाच नसणार, म्हणूनच तर मी काकांना ऐन मध्यावर येऊ दिलं. लॅबमध्ये सपाट अल्बमांची रांग लांबली होती. मुदत टळेल म्हणून यानं मला न सांगता साध्या बांधणीची ऑर्डर दिली. तुमचा मजकूर वाचला तेव्हा मला कळलं." तिनं त्याच्याकडे अशी नजर टाकली, की मावशीला त्याची जराशी दयाच आली.

"म्हणजे वेळेचे तारे वाचवायला अल्बमचे घालवले," मावशी म्हणाली.

"चुकलंच," तो पुटपुटला. "पंधरा दिवस उशीर होईल असं कळवायला हवं होतं."

"कळवलं असतं तर आम्ही थांबलो असतो. पाच आठवडे आम्ही नुसतं भांडण्यात घालवले होते, आणखी दोन काय!"

भागीदारीणबाई खुदकन हसली. तिनं नवा अल्बम करून द्यायचं कबूल केलं. मग फोटोग्राफर उठला. खिडकीजवळ काका बसले होते. त्यांच्यासमोर तो उभा राहिला, मग उभं राहणं त्यालाच बरं वाटेना, तेव्हा खाली गुडघ्यावर बसला.

"काका, त्या दिवशी मी जे बोललो..." तो म्हणाला. "दिवसभर माणसांना चौकटीत बसवत असतो. माणूस दिसतच नाही मग. माझं चुकलं."

"फोटो... छान आलाय माझा," काका म्हणाले. "अख्खा... दिसू दे फक्त."

नवा अल्बम यायला तीन आठवडे लागले. उशीर होणार हे लॅबनं सांगितल्याच्या दिवशीच त्यानं फोन करून कळवलं. यावेळी तो स्वतः घेऊन आला, आणि चिऊच्या घरी न जाता थेट मावशीकडे. सगळ्यांना बोलावणं गेलं. ताई आली, जावई आला, चिऊ तर ऑफिस सोडून आली.

मावशीनं टेबल पुसलं. अल्बम उलटा धरून पाठीवर अंगठा दाबला. आवाज नाही. कोपरे जुळलेले. पानं उलटली, कुठं लाट नाही, कुठं फुगा नाही. मग मधलं जोडपान उघडलं आणि दोन्ही हात उचलून पाठीमागे घेतले.

पान जिथल्या तिथं, टेबलाला टेकून राहिलं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत बावीस माणसं. मध्ये चिऊ, आणि तिच्या हातात हात दिलेले काका, वाकड्या ओठांसकट, पुरते, नव्या सदऱ्यात, डोळ्यांत असं काही तेज की जणू तेच त्या लग्नाचे नवरदेव आहेत. मावशीनं घडीवरून नख फिरवलं. नख कुठं अडलं नाही.

"पाच," ती म्हणाली.

जावयानं टाळ्याच वाजवल्या. ताई म्हणाली, "बाई गं, मी किती बारीक दिसतेय!" आणि सगळे इतके हसले की शेजारची दार उघडून बघायला आली. तिलाही आत ओढून अल्बम दाखवला. काकांनी फोटोवर चष्मा टेकवला. स्वतःच्या चेहऱ्यावरून त्यांनी बोट फिरवलं, जणू प्रूफात चूक शोधत होते. सापडली नाही.

चिऊनं तिथंच बसून तारे बदलले. अल्बम एकावरून पाच, आणि खाली: "पहिला अल्बम परत घेऊन करारातला नवा दिला. आता मध्यावरच्या माणसाचा चेहरा पूर्ण दिसतो." एडिटिंगचे मात्र पाचावरून चार केले, कारण कामाला एकूण जास्त दिवस लागले होते. फोटोग्राफरनं तोंड उघडलं आणि मावशीकडे बघून मिटलं.

"आणि वागणूक?" त्यानं हळूच विचारलं.

"त्यांना विचारा," मावशी म्हणाली.

काकांनी चष्मा काढला. "चार," ते म्हणाले. मग, "पाचवा... पुढच्या लग्नात... कमाव."

काकांचा हा निकाल त्यानं आपल्या उत्तरात जसाच्या तसा वेबसाइटवर टाकला, आणि आपण कुठं चुकलो तेही. लोकांना ते आवडलं असावं. त्याचं काम काही कमी झालं नाही. उलट अभिप्रायांच्या यादीत तो मजकूर सगळ्यात वर जाऊन बसला. 'उपयोगी वाटला' म्हणणाऱ्यांचा आकडा पाचशेच्या पुढं गेला. चिऊ दर दोन दिवसांनी तो आकडा मावशीला कळवायची आणि मावशी "असू दे, असू दे" म्हणत पुन्हा विचारायची, "किती म्हणालीस?"

मग लोक प्रश्न विचारायला लागले. अखंड जोडपान म्हणजे काय, करारात काय लिहून घ्यायचं, मुदत कुठल्या दिवसापासून मोजायची. चिऊ प्रश्न वाचून दाखवायची, मावशी सांगायची, आणि उत्तरं पाठवण्याआधी काका त्यांवरून लाल पेन फिरवायचे. दिवसाला चार-पाच पानं. त्यांचं बोलणंही त्या कामात हळूहळू सैल होत गेलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम टाळणारे काका एका स्वल्पविरामासाठी मावशीशी दहा दहा मिनिटं वाद घालायला लागले.

एके दिवशी एका नवऱ्या मुलीच्या आईचा फोन आला. तिनं त्याच फोटोग्राफरला बोलावलं होतं, अल्बम शनिवारी यायचा होता. "मला त्यातलं काही कळत नाही हो," ती म्हणाली. "तुम्ही येऊन बघाल का?"

मावशी गेली. अनोळखी घर, अनोळखी माणसं, भिंतीला नवा रंग. फोटोग्राफर अल्बम घेऊन आत आला. खुर्चीत बसलेली मावशी बघून तो दारातच थबकला. मग सरळ तिच्याकडे आला आणि दोन्ही हातांनी अल्बम तिच्यासमोर धरला.

"बघा, मावशी," तो म्हणाला. त्याच्या आवाजात धाकधूक होती आणि ऐटही.

मावशीनं पाठ दाबली, कोपरे पाहिले, मधलं पान उघडून हात सोडले, घडीवरून नख फिरवलं.

"पाच," ती म्हणाली. "चोख काम आहे."

नवऱ्या मुलीच्या आईनं लगेच फोन काढला. "वेळेचे पाच, तेही खरेच आहेत. एडिटिंग पाच. आणि वागणुकीचे किती टाकू, मावशी?"

"ते तुम्ही ठरवा," मावशी उठत म्हणाली. "मी लग्नाला नव्हते."

खोलीत एक कुजबुज झाली. मग कोपऱ्यातून नवऱ्या मुलीच्या आजोबांनी काठी जमिनीवर आपटली आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "पाच टाका! माझा खुर्चीतला फोटो काढायला पाय दुखेपर्यंत खाली बसला होता हा."

फोटोग्राफरनं मान खाली घातली, पण हसू काही त्याला लपवता आलं नाही.